मराठी मीम करताय? आधी वेलांट्या-उकारांना जागा द्या

कॉलेजात असताना मेसच्या जेवणावर मी पहिलं मीम केलं. रविवारची मटकीची उसळ, तिच्यात तरंगणारी एकुलती एक मटकी, आणि वर मजकूर : 'आमच्या आचाऱ्यांना सलाम'. ग्रुपवर टाकल्यावर हशा पिकेल अशी अपेक्षा होती. पहिलं उत्तर आलं, 'कुठल्या गुरुकुलात जेवतोस रे?' मी टाइप करताना 'आचाऱ्यांना' ऐवजी 'आचार्यांना' झालं होतं. भरीला अक्षरांभोवती इतकी जाड काळी आउटलाइन दिली होती की 'सलाम' वाचायलाही फोन डोळ्यांजवळ न्यावा लागत होता.

त्यानंतर बरीच मीम केली आणि बरीच वाया घालवली. इंग्रजी मीमची पद्धत मराठीला जशीच्या तशी लावली की अक्षरं गुदमरतात, हे त्यातून कळलं. चित्रावर मराठी मजकूर टाकून वाचता येईल असं मीम कसं करायचं, ते इथे पहिल्या पायरीपासून सांगतो. विनोद तुमचा तुम्हालाच सुचायला हवा.

काय काय लागेल

- एक फोटो, शक्यतो तुम्ही स्वतः काढलेला
- फोनवर किंवा संगणकावर मजकूर टाकता येईल असं कुठलंही ॲप. मी कॅनव्हा वापरतो. अँड्रॉइडवर पिक्सललॅबही चालतं आणि त्यात बाहेरून आणलेला फाँट टाकता येतो
- देवनागरी असलेला एक जाड फाँट (कोणता, ते पायरी ३ मध्ये)
- मराठी युनिकोड कीबोर्ड. फोनमधला नेहमीचा पुरेल

एक गोष्ट नको : डीटीपीवाल्याकडून आणलेला जुना मजकूर. लग्नपत्रिका, अहवाल वगैरे छापताना जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर मीमच्या ॲपमध्ये चिकटवलात तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसेल. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा दोन ओळी नव्याने टाइप करणं सोपं.

पायरी १ : फोटो निवडा आणि त्यात शांत जागा शोधा

या लेखासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. आमच्याकडे पाहुणे आले की घरचा बोका कपाटाखाली घुसतो. त्याचा एक फोटो माझ्याकडे आहे. वरच्या भागात कपाटाचं गडद तपकिरी दार, खाली पांढऱ्या फरश्या, आणि डाव्या कोपऱ्याजवळ कपाटाखालून बाहेर आलेली फक्त शेपटी. बाकीचा बोका दिसत नाही. फोटो चौकोनी आहे, १०८० बाय १०८० पिक्सेल.

मजकूर ठेवण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या. पहिली, नजर कुठे जायला हवी. इथे ती शेपटीवर जायला हवी, म्हणून तिच्या आसपास काहीही लिहायचं नाही. माणसाचा किंवा प्राण्याचा चेहरा असेल तर डोळे आणि तोंड ही राखीव जागा, कारण मीम त्या भावावरच चालतं. दुसरी, फोटोत एकाच रंगाचा आणि फार रेघा-ठिपके नसलेला पट्टा कुठे आहे. इथे तो कपाटाच्या दारावर आहे. फरश्याही तशा शांत वाटतात, पण त्या पांढऱ्या आहेत, शिवाय त्यांच्या सांध्यांच्या रेघा शिरोरेषेत मिसळतात. आडवी रेघ आणि शिरोरेषा एकमेकींजवळ आल्या की अक्षर कुठे सुरू होतं ते डोळ्याला पटकन कळत नाही. खिडकीचे गज, जिन्याच्या पायऱ्या, ओळीने लावलेली पुस्तकं या सगळ्यांवर हाच त्रास होतो.

फोटो स्वतःचा असावा हे वर लिहिलं, ते उगाच नाही. सिनेमातल्या दृश्यावर किंवा दुसऱ्याने काढलेल्या फोटोवर हक्क त्यांचा असतो. चुलतबहिणीचा जांभई देतानाचा फोटो असेल तर तिला विचारा. बोक्याला विचारावं लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

पायरी २ : मजकूर छाटा

माझा पहिला खर्डा असा होता : 'जेव्हा घरी आलेल्या काकू तुम्हाला विचारतात की लग्नाचं काही ठरलं आहे का, तेव्हा तुम्ही'. चौदा शब्द झाले. वर हे 'जेव्हा… तेव्हा तुम्ही' इंग्रजी मीमवरून आलेलं आहे, घरात असं कोणी बोलत नाही. मराठीत प्रसंग सांगायची जुनी आणि छोटी रीत नाटकाच्या संहितेची : बोलणाऱ्याचं नाव, पुढे दोन टिंबं आणि त्याचं वाक्य.

काकू : मग, लग्नाचं
काही ठरलं का?

आता शब्द सहाच राहिले. याच्याखाली 'मी :' लिहून मग फोटो ठेवता येतो, पण बोका कपाटाखाली आहे एवढ्यावर वाचणाऱ्याला कळतं. नवखे लोक इथे हमखास घसरतात. फोटोच्या खाली आणखी एक ओळ टाकतात, 'मी कपाटाखाली लपताना', आणि विनोद मरतो. फोटोत जे दिसतंय ते शब्दांत सांगायचं नाही. मजकुराने प्रसंग उभा करायचा, उत्तर फोटोने द्यायचं. फोटो आधी आणि टोला नंतर अशी रचना असेल तेव्हाच खालची ओळ ठेवा.

ओळ कुठे तोडायची तेही आत्ताच ठरवा, ॲपवर सोडू नका. ॲप रुंदी संपेल तिथे तोडतं. मग 'काही ठरलं' वरच्या ओळीत आणि एकटं 'का?' खाली लोंबकळत राहतं. बोलताना जिथे श्वास घेता तिथे एंटर दाबा. दोन ओळी उत्तम, तीन चालतील. चौथी ओळ लागत असेल तर मजकूर अजून छाटायचा बाकी आहे.

आता शुद्धलेखनातला तो सापळा, ज्यात मी पडलो. 'आचारी'चं 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्य'चं 'आचार्यांना' हे वेगळे शब्द आहेत. तसंच डोंगरातल्या 'दऱ्या' आणि समुद्र म्हणजे 'दर्या'. पहिल्या प्रकारासाठी साधा र चालत नाही, ऱ हे नुक्त्याचं अक्षर घ्यावं लागतं : ऱ, मग हलन्त, मग य. बहुतेक कीबोर्डांवर र दाबून धरला की ऱ सापडतो. ऑटोकरेक्टवर भिस्त ठेवू नका, कारण दोन्ही शब्द बरोबर असल्याने तो गप्प बसतो.

पायरी ३ : ज्यात देवनागरी खरोखर आहे असा फाँट घ्या

इंग्रजी मीमचं ते ओळखीचं जाड, उभट, पांढरं अक्षर म्हणजे Impact हा फाँट. ब्रिटिश डिझायनर जेफ्री ली यांचा हा फाँट १९६५ मध्ये आला, खिळे पाडणाऱ्या स्टीफनसन ब्लेक या कंपनीकडून. पुढे मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये वेबसाठी मोफत दिलेल्या फाँटच्या संचात तो होता. त्यामुळे तो बहुतेक संगणकांवर पोचला, आणि मीमवाल्यांनी हाताशी होता म्हणून उचलला. रोमन कॅपिटल अक्षरांना तो फिट्ट बसतो, कारण ती अक्षरं सगळी एका उंचीची असतात. वर काही नाही, खाली काही नाही. ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी बिघडत नाही.

पण Impact मध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तो निवडून तुम्ही मराठी टाइप करता तेव्हा फोन गुपचूप दुसराच फाँट वापरतो. अँड्रॉइडवर सहसा Noto Sans Devanagari, विंडोजवर Nirmala UI. ॲपच्या यादीत नाव Impact दिसत राहतं, पण पडद्यावरची अक्षरं त्याची नसतात. म्हणून ती बारीक आणि बेंगरूळ दिसतात, आणि तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की आणखी वेगळी दिसते. मीमच्या तयार साच्यांत असणाऱ्या Anton चंही तेच.

हे ओळखायचं कसं? मजकूर निवडा आणि यादीतले तीन-चार फाँट एकापाठोपाठ बदलून बघा. मराठी अक्षरांच्या रूपात काहीच फरक पडत नसेल, तर त्या फाँटांमध्ये देवनागरी नाही.

मग घ्यायचा कोणता? खाली दिलेले सगळे गुगल फाँट्सवर मोफत मिळतात.

Mukta चं Bold किंवा ExtraBold वजन हा माझा रोजचा फाँट आहे. अक्षरांच्या पोटात मोकळी जागा भरपूर, नखरे नाहीत. Baloo 2 गोलमटोल आहे, बोका-कुत्रा-लहान मूल यांच्या मीमला शोभतो. मजकूर लांबलाच तर Khand घ्या. तो उभट असल्याने एका ओळीत जास्त अक्षरं बसतात, आणि Impact च्या जवळ जाणारी चण हवी असेल तर तोच बरा. Modak दिसायला फार गोड आहे, पण इतका जाड की अक्षरांच्या आतली पोकळी जवळपास बुजलेली असते. 'अगं!' किंवा 'संपलं!' अशा एका शब्दापुरता ठीक. अख्खं वाक्य त्यात लिहिलंत तर लोक ते कोड्यासारखं सोडवत बसतील. हस्ताक्षरासारखा Kalam मला आवडतो, पण फोटोवर तो बारीक पडतो. पांढऱ्या कागदासारख्या पट्टीवर मात्र छान दिसतो.

नवा फाँट हाती आला की मी त्यात आधी ही ओळ टाइप करून बघतो :

काकू, दुसऱ्या वर्षी ॲडमिशन कुठे?

यात चार परीक्षा आहेत. 'कू' मधला उकार नीट जोडलाय का. 'ऱ्या' मध्ये र ची ती आडवी चंद्रकोर दिसते की र आणि हलन्त सुटे पडतात. 'र्षी' मध्ये रफार आणि वेलांटी एकमेकींत अडकतात का. आणि ॲ त्याच फाँटचा येतो की उसना, की चौकोन. 'र्षी' ची दुसरी वेलांटी नीट दिसली तरी 'कि' सारखं एखादं अक्षरही टाइप करून बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर दोष फाँटचा नसून ॲपचा आहे. त्याला देवनागरी जुळवता येत नाही, सेटिंगमध्ये शोधत बसू नका, ॲप बदला.

जाता जाता एक हट्ट सांगतो. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो, आणि बऱ्याच फाँटांमध्ये समोर येतं ते हिंदी वळण. वाचण्यात अडचण येत नाही, म्हणून मीमसाठी मी सोडून देतो. पण एकदा लक्षात आलं की डोळ्याला खुपत राहतं हे खरं.

पायरी ४ : पट्टी की फोटोवरच?

मजकूर ठेवायच्या दोन रीती आहेत. एक, फोटोच्या वर पांढरी पट्टी वाढवून तिच्यावर काळा मजकूर. दोन, थेट फोटोवर पांढरा मजकूर. मराठीसाठी मी दहातल्या आठ वेळा पट्टी घेतो, आणि नवख्या माणसाने पहिली काही मीम पट्टीवरच करावीत असं माझं म्हणणं आहे. काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं ही भांडणं तिथे उरत नाहीत, आउटलाइन लागत नाही, आणि फोटो अख्खा मोकळा राहतो.

बोक्याच्या फोटोचं गणित असं. कॅनव्हामध्ये १०८० बाय १३५० चं पान घेतलं. फोटो १०८० चा चौरस आहे, तो तळाला टेकवून ठेवला. वर उरली २७० पिक्सेल उंचीची पांढरी पट्टी. तिच्यात दोन ओळी बसवायच्या आहेत. अक्षराचा आकार ७२ पिक्सेल आणि ओळींमधलं अंतर १.४ धरलं, तर एक ओळ सुमारे १०१ पिक्सेल जागा खाते, दोन मिळून २०२. उरले ६८, म्हणजे वर ३४ आणि खाली ३४. डावीकडे ५४ पिक्सेल समास सोडला, रुंदीच्या पाच टक्के. पट्टीत मजकूर मी डावीकडूनच सुरू करतो, कारण 'काकू :' हे संवादासारखं वाचलं जातं. फोटोवर थेट लिहिताना मात्र मधोमध.

७२ च का? फोनच्या पडद्याची रुंदी साधारण पावणेसात सेंटिमीटर असते. त्यात १०८० पिक्सेलचं चित्र बसलं की ७२ पिक्सेल म्हणजे साडेचार मिलिमीटर होतात. पण फाँटचा आकार म्हणजे अक्षराची उंची नव्हे. त्यात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते. शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अक्षर पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास उरतं. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये चित्र पडद्याची पूर्ण रुंदी घेत नाही, तिथे तेच अक्षर दोन मिलिमीटरवर येतं. त्याहून लहान झालं की लोक चित्र उघडून बघायचे कष्ट घेत नाहीत, पुढे सरकतात. म्हणून ६० च्या खाली मी जात नाही.

मात्र तुमच्या ॲपमधला आकडा पिक्सेलचाच असेल असं नाही, प्रत्येक ॲपचं माप वेगळं. त्यामुळे आकड्यापेक्षा प्रमाण लक्षात ठेवा : वेलांटी-उकार धरून एका ओळीची उंची चित्राच्या रुंदीच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढी असावी.

पायरी ५ : ओळींमध्ये हवा, अक्षरांमध्ये नको

इंग्रजी मीमच्या साच्यात ओळींमधलं अंतर बऱ्याचदा १ किंवा त्याहून कमी ठेवलेलं असतं. आपल्या दोन ओळी त्यात बसवून बघा. वरच्या ओळीत दुसरं अक्षर 'कू', खालच्या ओळीत दुसरं अक्षर 'ही'. डावीकडून लावलेला मजकूर असल्याने दोन्ही बरोब्बर एकाखाली एक येतात. 'कू' चा उकार खाली उतरतो, 'ही' ची वेलांटी वर चढते, आणि दोघांची टक्कर होते. लांबून बघणाऱ्याला तिथे एक काळी गाठ दिसते. 'काही' आहे की 'काहू' ते कळत नाही.

कॅनव्हामध्ये Line spacing ची पट्टी १.३ ते १.५ यांच्या मध्ये ठेवा. Mukta ला मी १.४ देतो. तरीही एखादी जोडी धडकली, तर अंतर वाढवत न बसता ओळ दुसरीकडे तोडा. 'काकू :' एवढंच पहिल्या ओळीत ठेवलं तरी प्रश्न मिटतो.

त्याच ठिकाणी Letter spacing नावाची दुसरी पट्टी असते. ती शून्यावर असायला हवी. इंग्रजी साच्यात डिझाइनवाल्याने ती वाढवलेली असते, कारण कॅपिटल अक्षरं मोकळी छान दिसतात. देवनागरीत ती वाढली की शिरोरेषा तुटते. 'लग्नाचं' चे तुकडे होतात, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. तयार साचा वापरत असाल तर फाँट बदलल्यावर लगेच हे बघायचं काम. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ दाताच्या फणीसारखी दिसायला लागली तर कारण हेच.

पायरी ६ : फोटोवरच लिहायचं असेल तर आउटलाइन सांभाळा

कधी पट्टी नको वाटते. फोटोच इतका भरलेला आणि उंच असतो की वर आणखी जागा वाढवता येत नाही. मग फोटोवर लिहावं लागतं. आमच्या बोक्याच्या फोटोत ते सोपं आहे. पांढरा मजकूर तपकिरी दारावर ठेवला की आउटलाइनची गरजच पडत नाही. तोच मजकूर खाली पांढऱ्या फरशीवर ठेवला की तो नाहीसा होतो, मग काळी आउटलाइन द्यावी लागते, मग ती पुरेशी नाही म्हणून जाड करावी लागते. आधी जागा बदला, आउटलाइन नंतर.

जाड आउटलाइनने देवनागरीचं काय होतं ते जवळून बघा. ब आणि व यांच्यात फरक एका तिरप्या रेघेचा. ष आणि प मध्येही तेवढाच. घ आणि ध यांच्यात फरक डावीकडच्या गाठीचा आणि शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीचा. म आणि भ चंही तसंच. काळी आउटलाइन जाड झाली की ती बाहेर पसरते तशी आत, अक्षराच्या पोटातही पसरते. फट बुजते, तिरपी रेघ काळ्यात बुडते. 'धर' आणि 'घर' सारखे दिसू लागतात, 'बारा वाजले' चं 'वारा वाजले' होतं. वाचणारा अंदाजाने लावून घेतो, पण विनोद वाचताना अंदाज बांधत बसला की हसायची वेळ टळून जाते.

आउटलाइनची जाडी फाँटच्या आकाराच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ७२ ला साडेतीन-चार पिक्सेल पुरे. काही ॲप आउटलाइन अक्षराच्या कडेवर मधोमध काढतात, म्हणजे अर्धी बाहेर आणि अर्धी अक्षराच्या अंगातून. अशा ठिकाणी अक्षर बारीक झालेलं दिसेल.

दुसरा एक विचित्र प्रकार होतो. शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्याला उभी काळी चीर दिसते. रेघ अखंड दिसावी म्हणून देवनागरी फाँटमध्ये शेजारची अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात. ॲप एकेक अक्षर आउटलाइनसकट काढत गेलं की पुढच्या अक्षराची काळी कड मागच्या अक्षराच्या पांढऱ्यावर पडते. उपाय सोपा आहे. मजकुराची नक्कल करा. खालच्या प्रतीला काळा रंग आणि काळी आउटलाइन द्या, वरची प्रत नुसती पांढरी ठेवा, आणि दोन्ही तंतोतंत एकावर एक बसवा. चिरा झाकल्या जातात, आणि पोटातल्या पांढऱ्यावर आलेलं काळंही झाकलं जातं.

एवढा खटाटोप नको असेल तर मजकुरामागे अर्धपारदर्शक काळी पट्टी ठेवा. कॅनव्हात मजकुराच्या Effects मध्ये Background आहे, ते हेच काम करतं. सिनेमाच्या सबटायटलसारखं दिसतं, पण कुठल्याही फोटोवर वाचता येतं.

आणि फ्लेक्सची सवय घरी ठेवून या. लाल अक्षर, पिवळी आउटलाइन, तिला पांढरी आउटलाइन, मागे सावली, हे चौकातल्या वाढदिवसाच्या बोर्डावर वीस फुटांवरून वाचायचं असतं. चार इंचांच्या चित्रात त्याचा चिखल होतो. फ्लेक्सचीच टिंगल करणारं मीम असेल तर मात्र सगळं वापरा.

पायरी ७ : कडांपासून दूर

मजकूर चित्राच्या कडेला टेकवू नका. रुंदीच्या पाच टक्के समास सोडायचा हे वर आलंच. स्टेटस किंवा स्टोरीसाठी उभं १०८० बाय १९२० चं चित्र करत असाल तर वर आणि खाली साधारण २५० पिक्सेल मोकळे सोडा. वर तुमचं नाव आणि वेळेच्या रेघा येतात, खाली उत्तर द्यायची जागा. माझ्या एका मीमचा टोलाच त्या खालच्या खोक्यामागे गेला होता. दिवसभर लोक 'पुढे काय?' विचारत होते.

चॅटमध्ये फार उंच चित्र आधी कापून दाखवलं जातं, पूर्ण बघायला ते उघडावं लागतं. ग्रुपवर पाठवायचं असेल तर चौकोनी किंवा १०८० बाय १३५० एवढंच ठेवा.

पायरी ८ : तपासा, मग पाठवा

चित्र पीएनजीमध्ये उतरवून घ्या. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडांभोवती धुरकट ठिपके येतात, आणि पुढे पाठवत गेलं की ते वाढत जातात. मीमचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवायची सवय असेल तर ती आधी सोडा, अक्षरं पुसट होण्याचं ते मोठं कारण आहे. व्हॉट्सॲप तुमचं चित्र दाबणारच आहे, निदान त्याच्या हाती चांगली प्रत द्या. पाठवताना HD निवडलं तर नुकसान कमी होतं.

मी प्रत्येक मीम आधी स्वतःलाच पाठवतो. चॅटमध्ये ते न उघडता, फोन हातभर लांब धरून वाचतो. पडद्याची चमक अर्ध्यावर आणतो. मग फोटोला एडिटमध्ये काळा-पांढरा करून बघतो. रंगीत असताना उठून दिसणारा लाल मजकूर हिरव्या झाडीवर काळा-पांढरा केला की बहुधा गायब होतो, म्हणजे रंग वेगळे होते पण उजळपणा सारखाच होता. अशा वेळी रंगाचा मोह सोडून पांढरा घ्यायचा.

शेवटी शेजारी बसलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. मनात वाचणारा माणूस चुका सावरून घेतो, मोठ्याने वाचणारा अडखळतो. बोक्याचं मीम मी आईला वाचायला दिलं. तिने 'काकू : मग, लग्नाचं काही ठरलं का?' असं एका दमात वाचलं, शेपटीकडे बघून हसली, आणि मग म्हणाली, 'खरंच, काही ठरलं का?'

पाठवल्यावर ॲपमधली मूळ फाइल पुसू नका. पीएनजीतलं अक्षर नंतर बदलता येत नाही, आणि चुकीचा उकार हमखास ग्रुपवर टाकल्यानंतरच दिसतो.